समदाब रेषा, वारा आणि शीत आघाडी: नकाशावरून वेळ कशी काढायची

प्रश्न: हवामानाच्या नकाशावर गोल गोल रेषा असतात आणि निळे त्रिकोण लावलेली एक रेघ असते. त्या रेषांवरून वारा कुठून येणार हे कसं ओळखायचं? आणि ती निळी रेघ आपल्याकडे सरकत असेल तर नेमकं काय होतं, आणि कधी?

उत्तर:

नकाशावर समदाब रेषा त्या निळ्या रेघेला, म्हणजे शीत आघाडीला, जिथे कापतात ती जागा शोधा. आघाडी येण्याआधीचा वारा, ती गेल्यानंतरचा वारा आणि तिचा वेग, हे तिन्ही तिथेच मिळतं. त्याआधी रेषेवरून वारा वाचण्याची रीत पक्की हवी, म्हणून सुरुवात तिथून करतो.

समदाब रेषा म्हणजे सारखा वायुदाब असलेली ठिकाणं जोडणारी रेषा. बहुतेक नकाशांवर दोन रेषांमध्ये ४ हेक्टोपास्कलचा फरक असतो: ९९६, १०००, १००४, १००८ अशा. (हेक्टोपास्कल आणि मिलिबार एकच, आकडा बदलत नाही.) हा दाब समुद्रसपाटीवर आणून मांडलेला असतो. जमिनीलगत दर १०० मीटर चढल्यावर दाब साधारण १२ हेक्टोपास्कलने उतरतो. तो फरक काढून टाकला नाही तर नकाशावर हवामानाऐवजी डोंगरच उमटतील. त्यामुळे ३०० मीटर उंचीवरच्या घरातल्या वायुदाबमापकावर आकडा नकाशापेक्षा ३५-३६ ने कमी दिसला तर यंत्र बिघडलेलं नाही, ते फक्त उंचीनुसार लावून घेतलेलं नाही.

आता वारा. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे ढकलली जाते, म्हणून वारा समदाब रेषांना काटकोनात कापत जाईल असं वाटतं. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक हीच. पृथ्वी फिरत असल्यामुळे वाहणारी हवा उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते. ती इतकी वळते, की कमी दाबाकडची ओढ आणि उजवीकडे वळवणारं कोरिऑलिस बल एकमेकांना तोलून धरतात आणि हवा रेषांना समांतर वाहू लागते. बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेला नियम आजही तसाच वापरतात: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असतो. दक्षिण गोलार्धात उजव्या हाताला.

जमिनीपासून साधारण एक किलोमीटर वर हे चित्र बरंच खरं असतं. जमिनीलगत मात्र घर्षणाने वाऱ्याचा वेग कमी होतो. वेग कमी झाला की कोरिऑलिस बलही कमी पडतं, आणि वारा रेषेला तिरका कापत कमी दाबाकडे झुकतो. समुद्रावर हा झुकाव १० ते २० अंश, जमिनीवर ३० अंशांच्या आसपास, खडबडीत प्रदेशात त्याहूनही जास्त.

हाताने करायची रीत सोपी आहे. तुमच्या ठिकाणाजवळून जाणाऱ्या समदाब रेषेवर बोट ठेवा आणि कमी दाब डावीकडे राहील अशा दिशेने ते रेषेवरून सरकवा. मग जमीन असेल तर बोटाची दिशा ३० अंश डावीकडे, कमी दाबाकडे, वळवा. बोट जिथून आलं त्या दिशेचं नाव वाऱ्याला द्या, कारण वारा नेहमी जिथून येतो त्या दिशेने ओळखतात. समजा रेषा नैऋत्येकडून ईशान्येकडे जाते आहे आणि कमी दाब वायव्येला आहे. वरचा वारा नैऋत्येचा, म्हणजे २२५ अंशांवरून. जमिनीवरचा वारा ३० अंश मागे, म्हणजे १९५ अंशांवरून. हा जवळजवळ दक्षिणेचाच वारा झाला.

नकाशावर निरीक्षण केंद्रांचे वाऱ्याचे बाण असतील तर हे लगेच पडताळता येतं. बाणाची काडी वर्तुळापासून ज्या बाजूला निघते, त्या बाजूने वारा येतो. काडीवरची लांब रेघ १० नॉट, आखूड रेघ ५ नॉट आणि भरीव त्रिकोण ५० नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. तुमचं बोट आणि आसपासचे चार-पाच बाण जुळत असतील तर वाचन बरोबर. एखादाच बाण भलतीकडे असेल तर तो दरीत, किनाऱ्यावर किंवा डोंगराच्या आडोशाला असण्याची शक्यता जास्त.

रेषा जितक्या जवळजवळ, तितका वारा जोराचा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण अंदाजासाठी आकडा हवा. सूत्र असं आहे:

```
V = Δp / (ρ · f · d)
```

यात Δp म्हणजे दाबातला फरक, ρ म्हणजे हवेची घनता, f म्हणजे अक्षांशावर ठरणारा कोरिऑलिसचा गुणक आणि d म्हणजे दोन रेषांमधलं काटकोनातलं अंतर. दर वेळी हे मांडत बसायची गरज नाही. ४ हेक्टोपास्कलच्या रेषा आणि ४५ अंश अक्षांश असेल तर ११,६५० ला किलोमीटरमधल्या अंतराने भागा, वरच्या वाऱ्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. रेषा ३०० किलोमीटर दूर असतील तर सुमारे ३९, आणि १५० किलोमीटरवर आल्या तर ७८. ६० अंश अक्षांशावर हे उत्तर ०.८ ने गुणा, ३० अंशांवर १.४ ने. जमिनीवरचा सरासरी वारा याच्या साधारण निम्मा असतो, समुद्रावर दोन तृतीयांश. रेषा कमी दाबाभोवती घट्ट वळल्या असतील तर खरा वारा या हिशेबापेक्षा कमी निघतो. जास्त दाबाभोवतीच्या वळणावर थोडा जास्त.

अंतर मोजताना नकाशाच्या कोपऱ्यातल्या मापपट्टीवर विसंबू नका. मोठ्या क्षेत्राच्या नकाशात वरची आणि खालची मापं सारखी नसतात. तुमच्याच ठिकाणाजवळ अक्षांशाचा एक अंश किती लांब दिसतो ते बघा. तो १११ किलोमीटर.

आता निळ्या रेघेकडे येऊ. त्रिकोणांची टोकं आघाडी ज्या दिशेने सरकते आहे ती दिशा दाखवतात, वाऱ्याची नाही. रेघेमागे थंड, जड हवेची पाचर असते आणि ती पुढच्या उबदार हवेखाली घुसून तिला वर उचलते. पाचरीचा उतार साधारण ५० ते १०० ला १, म्हणजे रेघेच्या १०० किलोमीटर मागे थंड हवेची जाडी एक ते दोन किलोमीटर. उष्ण आघाडीचा, म्हणजे जिथे उबदार हवा थंड हवेवर चढत पुढे सरकते तिचा, उतार याहून बराच मंद असतो, म्हणून तिचा पाऊस रिमझिम आणि लांबलेला, तर शीत आघाडीचा जोरदार आणि अरुंद पट्ट्यातला.

नकाशावर आघाडी ओळखायची खूण म्हणजे मोड. समदाब रेषा आघाडी ओलांडताना गुळगुळीत वळत नाहीत, त्यांना कोपरा पडतो आणि त्या कोपऱ्याचं टोक जास्त दाबाकडे असतं. याचा अर्थ आघाडी कमी दाबाच्या घळीत बसलेली आहे: दोन्ही बाजूंनी तिच्याकडे येताना दाब उतरतो. कोपऱ्याच्या अलीकडे रेषेची दिशा एक आणि पलीकडे दुसरी, म्हणूनच आघाडी जाताना वारा झटक्यात फिरतो. कोपरा जितका टोकदार, तितका वाऱ्याचा पालट मोठा.

एक उदाहरण घेऊ. उत्तर गोलार्ध, ४५ अंश अक्षांश, नकाशा ०६ यूटीसीचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार सकाळी सहाचा. वायव्येला ९८८ चं कमी दाबाचं केंद्र आहे. तिथून आघाडी निघून जवळजवळ सरळ दक्षिणेला गेली आहे आणि तुमच्या पश्चिमेला ४२० किलोमीटरवर आहे. आघाडीच्या पुढे समदाब रेषा नैऋत्येकडून ईशान्येकडे जातात, मागे वायव्येकडून आग्नेयेकडे. आघाडीच्या रेघेवर १००० ची रेषा जिथे कापते आणि १००४ ची जिथे कापते, त्या दोन बिंदूंमधलं अंतर २५० किलोमीटर.

हे २५० नेमकं कुठे मोजलं ते पुन्हा बघा: रेषांना काटकोनात नाही, आघाडीच्या रेघेवरून. आघाडीला पुढे ढकलतो तो वाऱ्याचा फक्त आघाडीला काटकोनात असलेला भाग, आणि तो भाग नेमका या अंतरावरून मिळतो. ११,६५० ला २५० ने भागा: ताशी सुमारे ४७ किलोमीटर. शीत आघाडी साधारण याच वेगाने चालते. उष्ण आघाडीसाठी याचे दोन तृतीयांश धरतात. ४२० किलोमीटरला नऊ तास, म्हणजे आघाडी १५ यूटीसीच्या सुमारास तुमच्यावर.

आता सहा तास आधीचा, ०० यूटीसीचा नकाशा काढा. त्यात आघाडी आणखी २६० किलोमीटर मागे असेल तर तिचा प्रत्यक्ष वेग ताशी ४३ निघतो आणि वेळ १६ यूटीसीच्या जवळ जाते. दोन रीतींची उत्तरं इतकी जवळ आली की १४ ते १७ अशी खिडकी निर्धास्त सांगावी. दोन्हींत दीडपट फरक आला तर आघाडी एकतर वेग बदलते आहे, नाहीतर कुणीतरी ती नकाशावर जरा चुकीच्या जागी काढली आहे. दुसरी शक्यता वाटते तितकी दुर्मीळ नाही. समुद्रावर नोंदी विरळ असल्या की दोन तज्ज्ञ तीच आघाडी ५०-१०० किलोमीटरच्या फरकाने काढतात.

याच उदाहरणात वारा काढू. आघाडीपुढच्या रेषांमधलं काटकोनातलं अंतर सुमारे १७७ किलोमीटर येतं, म्हणजे वरचा वारा ताशी ६६ च्या घरात. जमिनीवर तो १९५ अंशांवरून, ३० ते ३५ चा. आघाडी गेल्यावर वरचा वारा वायव्येचा, जमिनीवरचा सुमारे २८५ अंशांवरून, म्हणजे पश्चिमेच्या किंचित उत्तरेकडून. म्हणजे काही मिनिटांत वारा दक्षिणेचा पश्चिमेचा झाला, ९० अंशांचा पालट. झोत मात्र सरासरीवरून धरू नका. मागची थंड हवा उबदार जमिनीवर आली की खालून तापून उसळते आणि वरचा वेगवान वारा ठोक्याठोक्याने खाली आणते. त्यामुळे आघाडी जाताना आणि त्यानंतरचा काही काळ झोत वरच्या वाऱ्याइतके, इथे ६०-६५ पर्यंत, सहज जातात. नौका बांधायची, क्रेन थांबवायची किंवा मांडव आवरायचा हिशेब या आकड्यावर करायचा, ३५ वर नाही.

वायुदाबमापकाचाही अंदाज आधीच लिहून ठेवता येतो. आघाडीपाशी दाब १००२ आणि तुमच्याकडे सध्या १००९ च्या जवळ, म्हणजे नऊ तासांत सुमारे सात हेक्टोपास्कल उतरायला हवेत, दर तीन तासांना सव्वादोन-अडीच. दुपारपर्यंत याच गतीने उतरत असेल तर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं आहे. तीन तासांत चार उतरले तर कमी दाब खोल होतो आहे किंवा आघाडी घाईत आहे. अंदाजाची वेळ अलीकडे घ्या आणि वारा वाढवून धरा.

आघाडी जवळ येताना साधारण असं दिसतं. आधीचे काही तास हवा उबदार, दमट, वारा दक्षिणेकडचा आणि हळूहळू वाढणारा, दृश्यमानता धूसर. मग पश्चिमेला ढगांची गडद भिंत. वारा क्षणभर मंदावतो किंवा एक झोत येतो आणि दिशा उडी मारते. पाऊस जोरात सुरू होतो, कधी विजांसह, कधी गारांसह. पावसाचा पट्टा ४० किलोमीटर रुंद आणि वेग ताशी ४५ असेल तर हे सगळं तासाभरात आटपतं. त्याच वेळी दाबाची घसरण थांबून आकडा टक्कन वर जातो, तापमान काही अंशांनी पडतं. नंतर आकाश फाटतं, दूरचं स्वच्छ दिसू लागतं, आणि थोड्या वेळाने सुट्या कापसी ढगांच्या सरी सुरू होतात. ‘गेली एकदाची’ म्हणून छत्री टाकून बाहेर पडणारे याच सरींत भिजतात.

आघाडी खरंच गेली का, हे तापमानावरून ठरवणं धोक्याचं आहे. पहाटे जमिनीलगत थंड हवेचा पातळ थर साचलेला असतो. आघाडीचा वारा तो ढवळून टाकतो आणि शीत आघाडी जाऊनही पारा चक्क वर जातो. ढगाळ दुपारनंतर आघाडीमागे ऊन पडलं तरी तेच. दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते तापमान, जास्त प्रामाणिक असतो: कोरडी हवा आली की तो पडतो आणि खालीच राहतो. वाऱ्याचा पालट, दाबाची उडी आणि दवबिंदूची घसरण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की आघाडी गेली असं धरा.

पावसाचीही हमी नाही. कधी आघाडीवरच्या उंच थरांत कोरडी हवा पुढे धावून उबदार हवेवर पसरते. मग उचललेल्या हवेला ढग उंच वाढवता येत नाहीत आणि आघाडी थोडा शिडकावा, वाऱ्याचा पालट एवढंच देऊन निघून जाते. उलट, हवा फार अस्थिर असेल तर वादळी ढगांची रांग आघाडीच्या पुढे, शंभर-दोनशे किलोमीटरवरही, स्वतंत्रपणे धावते. अशा वेळी सर्वांत मोठा तडाखा निळ्या रेघेच्या दोन-चार तास आधीच बसतो. नकाशावर ती रांग नसेलच असं नाही, पण ती शोधायची जागा रडारचं चित्र. दर तासाला ते बघितलं तर चुकत नाही.

सर्वांत फसवी आघाडी म्हणजे समदाब रेषांना जवळजवळ समांतर पडलेली. तिला कापणाऱ्या रेषा फार दूर दूर असतात, म्हणजे तिला पुढे ढकलणारा वाराच नाही. वरच्या हिशेबाने वेग ताशी १० वगैरे निघतो. अशी आघाडी रेंगाळते आणि तिच्यावर एखाद्या ठिकाणी फुगवटा येतो: थोड्या भागात त्रिकोणांऐवजी उष्ण आघाडीची लाल अर्धवर्तुळं दिसू लागतात आणि तिथे एखादी समदाब रेषा आघाडीपासून जरा बाजूला सरते. ही लाट. ती आघाडीवरून सरकते आणि ती जाईपर्यंत तिच्या वाटेवरच्या ठिकाणी आघाडी थांबते, कधी उलटही फिरते. तासाभराचा म्हणून सांगितलेला पाऊस मग बारा तास चालतो. मागच्या नकाशात आघाडी सरळ होती आणि नव्या नकाशात तिला किंचित बाक आलेला दिसला, की वेळ सांगण्याचं धाडस करू नका. पुढच्या नकाशाची वाट पाहा.

नकाशावरची वेळही नीट वाचा. ती यूटीसीत असते आणि निरीक्षणाची असते, प्रसिद्धीची नव्हे. ०६ चा नकाशा तुमच्या हातात येईपर्यंत दोन-तीन तास उलटलेले असतात, म्हणजे ताशी ४५ ने चालणारी आघाडी छापलेल्या जागेपासून शंभरावर किलोमीटर पुढे आलेली असते. आमच्या उदाहरणातले नऊ तास ०६ पासून मोजायचे, तुम्ही नकाशा उघडल्यापासून नाही.

विषुववृत्ताजवळ हे काहीच लागू पडत नाही. तिथे कोरिऑलिसचा गुणक इतका लहान होतो की ११,६५० च्या हिशेबाने अशक्य वेग निघतात, वारा रेषांना समांतर राहत नाही आणि थंड-उबदार हवेच्या ठळक आघाड्याही सहसा टिकत नाहीत. १५-२० अंशांच्या आत समदाब रेषांऐवजी थेट वाऱ्याच्या नोंदी आणि प्रवाहरेषांचे नकाशे बघायचे. दक्षिण गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत मात्र सगळं चालतं, फक्त आरशातलं: कमी दाब उजव्या हाताला, आणि शीत आघाडी जाताना वारा वायव्येचा नैऋत्येचा होतो.